फॉर्म भरायला सांगणारं कॅरोसेल : खरी वेळ लिहिली तर लोक पळतात का?

गच्चीवरची_मीनल (२ मे)

मी सांगलीची. गच्चीवरच्या भाजीपाल्याचं इन्स्टाग्राम पान चालवते, साडेसहा हजारांच्या आसपास फॉलोअर्स आहेत. दर वर्षी मृगाच्या आधी बियाण्यांची छोटी पाकिटं भरून विकते. कोणतं बियाणं किती भरायचं हे ठरवण्यासाठी गेल्या वर्षी गूगल फॉर्म केला आणि लोकांनी तो भरावा म्हणून चार स्लाइडचं कॅरोसेल टाकलं. पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरात होतं, 'फक्त २ मिनिटं!'

फॉर्ममध्ये १४ प्रश्न होते. २ मिनिटं मी मोजलेली नव्हती, बरं वाटलं म्हणून लिहिली. ४१ जणांनी भरला. एका ताईंची कमेंट आली, 'दोन मिनिटं म्हणालात म्हणून दूध गॅसवर ठेवून बसले. दूध उतू गेलं तेव्हा मी नवव्या प्रश्नावर होते.' ती कमेंट वर्षभर मनातून गेली नाही. माझ्यावर विश्वास ठेवून ती बाई बसली होती.

यंदा परत करायचं आहे. कच्चा मसुदा असा:

१. तुमचं मत आमच्यासाठी महत्त्वाचं आहे!
२. आमची सेवा अधिक चांगली करण्यासाठी तुमची मदत हवी आहे.
३. थोडासा वेळ काढा.
४. लिंक बायोमध्ये.

तिसऱ्या स्लाइडवर खरी वेळ लिहावी असं मला वाटतं. घरचे म्हणतात, '५ मिनिटं वाचलं की कोण भरतंय?' तुमचा अनुभव काय?

रोहित_डिजिटल (२ मे)

वेळ लिहूच नका. माणूस एकदा आत आला की पुरं करूनच जातो. आणि कॅरोसेल कशाला? रील करा, खाली कॅप्शनमध्ये लिंक टाका. काम झालं.

सुनंदा_कुलकर्णी (२ मे)

मीनलताई, बरं झालं भेटलात. माझ्या कारल्याच्या वेलाला ढीगभर फुलं येतात पण एकही कारलं धरत नाही. कुंडी मोठी आहे, शेणखतही घातलंय. काय करू?

साताऱ्याचा_अनिकेत (२ मे)

बारा वर्षं घरोघर जाऊन प्रश्नावल्या भरून घेण्याचं काम केलंय, आता ऑनलाइनचं करतो. रोहितराव, 'आत आला की पुरं करतो' हे दारात उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत थोडंफार खरं आहे, कारण समोरच्याला तोंडावर दार लावायला अवघड वाटतं. मोबाइलवर असला संकोच नसतो. बोट वर सरकवलं की संपलं.

यावर जुना प्रयोग आहे. २००१ साली क्रॉफर्ड, कूपर आणि लॅमियास यांनी एकाच लांबलचक ऑनलाइन प्रश्नावलीसाठी काहींना ८ ते १० मिनिटं लागतील असं सांगितलं, काहींना २० मिनिटं. कमी वेळ सांगितलेले लोक जास्त संख्येने सुरुवात करत होते. पण मध्येच सोडून जाणारेही त्यांच्यातच जास्त निघाले. म्हणजे मीनलताई, तुमच्या घरचेही बरोबर आहेत. मोठा आकडा वाचून काही जण येणारच नाहीत. पण लहान आकडा सांगून जे ओढून आणाल ते वाटेत गळतील. आणि ते प्रयोगातले विद्यार्थी होते, परत भेटायचे नव्हते. तुमचे लोक पुढच्या रविवारी तुमच्याच पानावर असणार आहेत.

तेव्हा आकडा खरा लिहा. त्याआधी फॉर्म इतका लहान करा की खरा आकडा लिहायला संकोच वाटणार नाही.

प्राजक्ता_पुणे (२ मे)

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबली जात नाही हो रोहित. नुसती अक्षरं दिसतात, फोनवर ती कॉपी करणंसुद्धा वैतागाचं. कमेंटमध्ये टाकली तरी तेच. लिंक चालते ती बायोमध्ये, स्टोरीच्या लिंक स्टिकरमध्ये आणि मेसेजमध्ये.

रोहित_डिजिटल (२ मे)

हो, कॅप्शनचं चुकलंच. फेसबुकच्या सवयीने लिहिलं. पण मग एक सांगा, फॉर्मच कशाला? स्टोरीत पोल लावायचे. एक टिचकी, लोकांना बाहेर जावंच लागत नाही.

गच्चीवरची_मीनल (२ मे)

सुनंदाताई, वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात आणि सुरुवातीला बहुतेक नरच येतात. ज्या फुलाच्या मागे इवलंसं काटेरी कारलं दिसतं ती मादी. सकाळी लवकर ताजं नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. गच्चीवर मधमाश्या कमी येतात, म्हणून हे हाताने करावं लागतं.

रोहितदादा, पोल दोनदा केले. २४ तासांत ते जातात, पण खरी अडचण वेगळीच. 'किती तास ऊन येतं' हा एक पोल आणि 'कोणती भाजी हवी' हा दुसरा. ज्याच्याकडे दोन तास ऊन आहे त्यालाच भेंडी हवी आहे का, हे पाहायला प्रत्येक नाव धरून जुळवावं लागतं. फॉर्ममध्ये एका माणसाची सगळी उत्तरं एका ओळीत येतात. मला नेमकं तेच हवंय, कारण झाड नीट वाढलं नाही अशा तक्रारी येतात तेव्हा निम्म्या वेळा दोष उन्हाचा असतो.

प्राजक्ता_पुणे (२ मे)

शिवाय पोलमध्ये कोणी काय निवडलं ते पानाच्या मालकाला नावानिशी दिसतं. 'गेल्या वर्षीची पाकिटं आवडली नाहीत' असं कोण तोंडावर सांगेल?

तात्या_चिपळूणकर (३ मे)

मला इन्स्टाग्राममधलं काही कळत नाही, सुनेच्या फोनवर बघतो. पण सोसायटीत तीस वर्षं वर्गणी गोळा केली आहे, त्यावरून एक विचारतो. गेल्या वर्षी ४१ जणांनी वेळ काढून तुम्हाला सांगितलं. त्याचं पुढे काय केलंत? आणि ते त्यांना सांगितलंत का?

गणपतीचा हिशेब लागला नाही की पुढच्या वर्षी वर्गणी निम्मी होते. तिथे वेळ किती लागतो हे कोणी विचारत नाही.

गच्चीवरची_मीनल (३ मे)

तात्या, तुम्ही बोट बरोबर जागेवर ठेवलंत. नाही सांगितलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की पाकिटात बिया फार असतात, दोन कुंड्यांना एवढ्या लागत नाहीत, उरलेल्या वाया जातात. त्यावरून मी पाकीट लहान केलं आणि किंमत ४० वरून २५ वर आणली. पण हे त्यांच्या सांगण्यावरून झालं, असा शब्द कुठे लिहिला नाही.

साताऱ्याचा_अनिकेत (३ मे)

मग तीच तुमची दुसरी स्लाइड. तात्यांना नमस्कार.

तुमच्या मसुद्यात कारण म्हणून 'सेवा अधिक चांगली करण्यासाठी' आहे. हे वाक्य बँक, दवाखाना, मोबाइल कंपनी, सगळ्यांकडून येतं, म्हणून डोळा त्यावर थांबत नाही. कारण खरं आहे की नाही हे मी तीन प्रश्नांनी तपासतो. या उत्तरांवरून नेमका कोणता निर्णय होणार? तो कोणत्या तारखेला होणार? आणि उत्तरं उलटी आली तर निर्णय खरंच उलटा होणार का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर लोकांना त्रास देऊ नये.

तुमचं काय ते सांगा.

गच्चीवरची_मीनल (३ मे)

२० मेला बियाण्याची ऑर्डर जाते, नंतर गेली तर मृगाच्या आत पाकिटं पोचत नाहीत. पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. एक तर भेंडी, गवार, दोडका असा फळभाज्यांचा संच, ज्याला निदान सहा तास ऊन हवं. नाही तर पालक, कोथिंबीर असा पाल्याचा संच, जो त्याहून कमी उन्हातही बऱ्यापैकी येतो. आजवर फळभाज्याच भरत आले. लोकांच्या गच्च्या-बाल्कन्यांना ऊन कमी आहे असं दिसलं तर खरंच बदलणार आहे.

साताऱ्याचा_अनिकेत (३ मे)

हे जसंच्या तसं स्लाइडवर जाऊ दे.

आता १४ प्रश्न. प्रत्येकापुढे लिहा, 'याच्या उत्तरावरून २० मेच्या ऑर्डरमध्ये काय बदलेल?' जिथे काही सुचत नाही तो प्रश्न काढा. आणि मोबाइल नंबर विचारत असाल तर तो आधी काढा.

गच्चीवरची_मीनल (३ मे)

नंबर पहिल्याच प्रश्नात होता. वय, शिक्षण, आमच्याबद्दल कुठून कळलं, हेही होतं. चाळणीतून सहा टिचकीचे आणि एक लिहायचा असे सातच उरले.

वैशाली_डबेवाली (४ मे)

माझं डोंबिवलीत घरगुती डब्याचं काम आहे, ऐंशी डबे जातात. मी असाच फॉर्म केला आणि भरणाऱ्याला एक गुलाबजाम फुकट ठेवला. जवळजवळ सगळ्यांनी भरला. पण सगळ्यांनी सगळीकडे 'उत्तम' दाबलेलं! एकाने तर डबा बंद केल्यानंतर महिन्याने 'उत्तम' दिलं, गुलाबजाम मात्र घरी मागवला. त्यातून मला कळलं काहीच नाही. मी तरी आता बक्षीस ठेवत नाही.

प्राजक्ता_पुणे (४ मे)

वैशालीताई, गुलाबजाम चांगला होता एवढं नक्की कळलं :)

मीनल, गेल्या वर्षी फॉर्मच्या सेटिंगमध्ये 'Limit to 1 response' चालू होतं का? ते चालू असलं की भरणाऱ्याला गूगल खात्यात शिरावं लागतं. आणि इन्स्टाग्राममधून लिंक दाबली की फॉर्म क्रोममध्ये नाही, इन्स्टाग्रामच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडतो. तिथे गूगल सुरक्षेच्या कारणाने लॉगिन करू देत नाही. माझ्या पुस्तकभिशीच्या फॉर्मला हेच झालं होतं. स्क्रीनवर असं येतं:

```
Error 403: disallowed_useragent
```

हे बघून कोणीही परत जातं. तुम्हाला ते कळत नाही, कारण तुमच्या संगणकावर तुम्ही आधीच लॉगिन असता आणि सगळं सुरळीत दिसतं.

गच्चीवरची_मीनल (४ मे)

चालू होतं! कोणी दोनदा भरू नये म्हणून मीच लावलं होतं. आत्ता नणंदेच्या फोनवर इन्स्टाग्राममधून उघडून पाहिलं. लॉगिन मागितलं आणि पुढे अडकलं. गेलं वर्षभर मला वाटत होतं की लोकांना आस्था नाही.

बंद केलं. गेल्या वर्षी फोटो मागणारा एक प्रश्नही होता, फाइल चढवायलाही लॉगिन लागतं. तो चाळणीत आधीच गेला, बरं झालं.

रोहित_डिजिटल (४ मे)

पण मग कोणी पाच-पाच वेळा भरेल की.

प्राजक्ता_पुणे (४ मे)

पालकाच्या बियांसाठी? निवडणुकीत मी हा धोका धरला असता. इथे एकसारख्या ओळी एकामागोमाग आल्या तर शीटमध्ये दिसतातच.

साताऱ्याचा_अनिकेत (५ मे)

मीनलताई, आता वेळ मोजा. गूगल फॉर्म भरायला किती वेळ लागला ते तो सांगत नाही, फक्त पाठवल्याची वेळ नोंदवतो. तेव्हा घड्याळ लावूनच मोजायचं. ज्यांनी फॉर्म आधी पाहिलेला नाही अशी पाच माणसं घ्या, त्यांच्याच फोनवर, इन्स्टाग्राममधूनच उघडायला लावा. लिंक दाबल्यापासून 'पाठवा' दाबेपर्यंत मोजा. शेजारी बसून समजावू नका. तुम्ही स्वतः भरून मोजाल तर ते धरू नका, प्रश्न तुम्हीच लिहिलेत, तुम्ही ते वाचत नाही.

गच्चीवरची_मीनल (७ मे)

मोजलं.

भाचा (कॉलेजात) : १ मिनिट ५० सेकंद
नणंद : २ मिनिटं ४० सेकंद
शेजारच्या वहिनी : ३ मिनिटं ५ सेकंद
दूधवाले काका : ३ मिनिटं २५ सेकंद
आई : ७ मिनिटं १० सेकंद

आईचं बघत बसले होते. सहा टिचक्या तिने साडेतीन मिनिटांत मारल्या. मग 'गेल्या वर्षीच्या बियाण्याबद्दल काही सांगायचं आहे का' या चौकटीशी अडली. मराठी कळफलक सापडेना, मग 'ळ' सापडेना. शेवटी तिने एकच शब्द लिहिला, 'चांगले'.

काय लिहू? सरासरी काढली तर साडेतीन मिनिटांच्या थोडी वर जाते.

रोहित_डिजिटल (७ मे)

'२ ते ३ मिनिटं' लिहा. पाचातले दोघं त्यात बसतात.

तात्या_चिपळूणकर (७ मे)

आणि तिघं बसत नाहीत.

साताऱ्याचा_अनिकेत (७ मे)

सरासरी इथे उपयोगाची नाही, एकट्या आईंनी ती वर ओढली आहे. आणि आईंना वेळ लागला तो एकाच चौकटीने. ती चौकट शेवटी ठेवा, सोडून देता येईल अशी ठेवा आणि स्लाइडवर ते वेगळं सांगा. मग टिचकीच्या सहा प्रश्नांना दूधवाले काका आणि आई दोघंही चार मिनिटांच्या आत बसतात. '४ मिनिटं' लिहा. ज्याला २ लागतील त्याला उलट बरंच वाटेल.

प्राजक्ता_पुणे (८ मे)

मला ४ थोडं जास्त वाटतं, मी ३ लिहिलं असतं. आपल्या पानावर आईच्या वयाचे किती आहेत त्यावर आहे ते. पण चौकट वेगळी काढण्याला अनुमोदन.

स्लाइडबद्दल एक. पहिली स्लाइड बघून माणूस पुढे गेला तर इन्स्टाग्राम कधी कधी तेच कॅरोसेल नंतर दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. त्यामुळे दुसरी स्लाइड पहिलीवाचून कळली पाहिजे. 'त्यासाठीच...' अशी सुरू झाली तर वाचणाऱ्याला काही बोध होत नाही. अक्षर मोठं ठेव. फोन हात लांब करून धरला तरी वाचता यायला हवं.

गच्चीवरची_मीनल (९ मे)

आज संध्याकाळी हे टाकते आहे. १०८० बाय १३५० च्या पाच स्लाइड.

१. तुमच्या बाल्कनीत ऊन किती तास येतं? यंदा कोणतं बियाणं भरायचं ते त्यावर ठरणार आहे.

२. गेल्या वर्षी ४१ जणांनी फॉर्म भरला. अनेकांनी सांगितलं की पाकिटात बिया फार आहेत. म्हणून पाकीट लहान केलं, ४० रुपयांचं २५ ला आलं. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

३. २० मेला बियाण्याची ऑर्डर जाते. फळभाज्या भरू की पालेभाज्या? पैसे एकाच संचापुरते आहेत. बहुतेकांकडे ऊन सहा तासांहून कमी असेल तर यंदा पालेभाज्या.

४. टिचकी मारायचे ६ प्रश्न. पाच जणांकडून भरून घेऊन मोजलं : बहुतेकांना ४ मिनिटांच्या आत जमतं. शेवटी एक चौकट आहे, लिहावंसं वाटलं तर लिहा, नाही तर सोडून द्या. नाव, नंबर, लॉगिन काही लागत नाही.

५. फॉर्म १८ मेच्या रात्रीपर्यंत उघडा. लिंक बायोमध्ये आणि आजच्या स्टोरीत. काय ठरलं ते २१ मेला इथेच सांगेन.

वैशाली_डबेवाली (९ मे)

चौथी वाचून मीच भरणार आहे. आमच्याकडे ऊन फक्त सकाळी दोन तास.

सुनंदा_कुलकर्णी (१२ मे)

मीनलताई, मादी फुलं सापडली! तीन होती. तीनही टेकवली, दोन कारली धरली आहेत, करंगळीएवढी झाली.

रोहित_डिजिटल (१६ मे)

आकडा काय म्हणतोय?

गच्चीवरची_मीनल (१९ मे)

काल रात्री बंद केला. १३७ उत्तरं. ८३ जणांकडे सहा तासांहून कमी ऊन आहे, त्यातल्या ३४ जणांकडे तीन तासांहूनही कमी. आणि या ८३ मधल्या ५२ जणांनी 'काय लावायला आवडेल' मध्ये भेंडी निवडली आहे! म्हणजे नुसती आवड विचारली असती तर मी यंदाही भेंडीच भरली असती. उद्या पालेभाज्यांची ऑर्डर देते. चौकटीत २९ जणांनी लिहिलं, त्यात दूध उतू गेलेल्या ताईही असाव्यात. नाव नाही, पण लिहिलं आहे, 'या वेळी दूध उतरवून मग बसले. साडेतीन मिनिटं.'

साताऱ्याचा_अनिकेत (१९ मे)

छान. एक लक्षात असू द्या. लॉगिनचा अडथळा, प्रश्नांची संख्या, वेळ आणि कारण असं सगळं एकदम बदललं, तेव्हा ४१ चे १३७ कशामुळे झाले हे सांगता येणार नाही. मला स्वतःला लॉगिनच मोठं कारण वाटतं. आणि साडेसहा हजारांतले १३७ म्हणजे तुमचे नेहमीचे लोक. ज्यांनी कधी पाकीट घेतलंच नाही ते यात जवळजवळ नसतील.

प्राजक्ता_पुणे (१९ मे)

लॉगिन सुटल्यावरसुद्धा १४ प्रश्नांचा फॉर्म लोकांनी भरला असता असं मला नाही वाटत. पण हे आता कळायला मार्ग नाही, कितव्या प्रश्नावर कोण निघून गेलं तेही गूगल फॉर्म दाखवत नाही.

तात्या_चिपळूणकर (२० मे)

ज्या ५२ जणांना भेंडी हवी होती त्यांना उद्या काय सांगणार आहात?

गच्चीवरची_मीनल (२० मे)

तेच लिहीत बसले आहे, तात्या. पहिली स्लाइड अशी केली आहे, 'तुमच्यापैकी अनेकांनी भेंडी मागितली होती. मी ती भरलेली नाही. का ते सांगते.' पुढच्या स्लाइडवर हे आकडे, आणि उन्हाचे तास घरच्या घरी कसे मोजायचे ते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला कुंडीच्या जागेचा एक फोटो काढायचा, एवढंच. रात्री टाकायच्या आधी तुमच्या सुनेच्या फोनवर वाचून सांगाल का, अक्षर दिसतंय का ते?